साडी बदलून देऊ, पण पत्रात काय लिहू?

इंदूरच्या ताईंचा निरोप 1 ऑगस्टला सकाळी आला. मोतिया अंगाची, राणी काठाची पैठणी त्यांनी आमच्याकडून 16,800 रुपयांना घेतली होती. ती आम्ही 26 जुलैला येवल्याहून कुरिअरने पाठवली आणि 30 तारखेला त्यांना मिळाली. निरोपासोबत चार फोटो होते. पदराजवळ पाण्याचा डाग पडला होता आणि काठाचा राणी रंग मोतिया अंगावर उतरला होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, "12 तारखेला लेकीची पहिली मंगळागौर आहे. आता मी काय करू?"

आमच्या घरात दुकानाची पत्रं मी लिहिते. दुकान सासूबाईंचं. सगळी गल्ली त्यांना आई म्हणते, मीही आईच म्हणते. धाकटे भाऊजी नाशिकला वकिली करतात आणि ग्राहक आयोगातली कामं बरीच पाहतात. त्या दिवशी ते घरी आले होते. साडी बदलून द्यायची यावर दोघांचं एका मिनिटात एकमत झालं. पुढचा सगळा वेळ पत्रात गेला.

आईंनी मजकूर सांगायला सुरुवातच केली, "लिही, आमची चूक झाली, माफ करा, दुसरी साडी आजच पाठवतो."

"थांबा वहिनी," भाऊजी म्हणाले. "आई, चूक कोणाची झाली ते तुला माहीत आहे का? साडी कुठे भिजली?"

"कुरिअरवाल्याकडे भिजली असणार. पाऊस काय कमी आहे?"

"मग 'आमची चूक' कशाला लिहायचं?"

"कारण त्या बाईने कुरिअरवाल्याकडून साडी नाही घेतली, माझ्याकडून घेतली."

दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, म्हणून मी आधी फोटो मोठे करून पाहायला घेतले. पत्रात काय लिहायचं ते ठरवण्याआधी साडीला नक्की काय झालंय ते कळायला हवं होतं. डागाला गडद कडा होती. कापडात शिरलेलं पाणी सुकत जातं तेव्हा मळ आणि सुटलेला रंग कडेला जमतो, म्हणून पाण्याच्या डागाला अशी किनार येते. दुसरी गोष्ट अशी की तसाच डाग ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटला होता आणि प्रत्येक वेळी थोडा फिका होत गेला होता. याचा अर्थ साडी घडीत असताना पाणी बाहेरच्या थरातून आत झिरपलं. नेसलेली साडी भिजली असती तर एकच मोठा, वेडावाकडा डाग दिसला असता. निऱ्यांच्या चुण्या नव्हत्या, खांद्यावर पिनेची भोकं नव्हती, फॉल लावलेला नव्हता. साडी वापरलेली नव्हती.

"म्हणजे बाई खरं बोलतेय," आई म्हणाल्या.

"ती खरंच बोलतेय, तो प्रश्नच नाही," भाऊजी म्हणाले. "पण फोटोंवरून एवढंच कळतं की साडी घडीत असताना भिजली. ट्रकमध्ये भिजली, गोदामात भिजली की त्यांच्या दारात पार्सल तासभर पावसात पडलं, हे फोटो सांगत नाहीत. खोक्याचा फोटो कुठे आहे?"

खोक्याचा फोटो नव्हता. मी ताईंना लगेच निरोप पाठवला: साडी धुऊ नका, इस्त्री करू नका, ड्रायक्लीनलाही देऊ नका, खोका आणि आतली पिशवी जपून ठेवा आणि त्यांचे फोटो पाठवा. दहा मिनिटांत फोटो आले. खोक्याचा तळ मऊ पडून फुगला होता, पत्त्याच्या कागदावरची शाई पसरली होती आणि आतली प्लास्टिकची पिशवी एका कोपऱ्यात फाटलेली होती. साडी बिघडल्याची तक्रार आली की पहिल्या तासात हे करावंच लागतं. घाबरलेलं माणूस डाग काढायला जातं आणि साडी ओल्या फडक्याने पुसतं, मग मूळ डाग कोणता आणि पुसल्याचा कोणता ते कोणालाच सांगता येत नाही. खोका तर बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो, आणि कुरिअरकडे भरपाई मागायची तर तोच पुरावा असतो.

"झालं तर," आई म्हणाल्या. "लिही, कुरिअरमध्ये भिजली, आमचा दोष नाही, तरीही बदलून देतो."

मला वाटलं होतं भाऊजी यावर खूश होतील. त्यांनी उलट विचारलं, "साध्या पाण्याने राणी रंग सुटला कसा?"

आई गप्प झाल्या. मग उठून कपाटाकडे गेल्या. त्याच रंगाईच्या घाणीतल्या तीन साड्या अजून आमच्याकडे होत्या. त्यांतली एक घेऊन त्यांनी काठाच्या आतल्या टोकावर पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा दाबून धरला. कापडावर फिकी गुलाबी छटा आली. त्याच काठाची पण आधीच्या घाणीतली साडी तशीच तपासली, तर कापड पांढरंच राहिलं. रेशीम रंगवल्यावर ते नीट पक्कं केलं नाही आणि सुटा रंग निघेपर्यंत धुतलं नाही, की पुढे कधीही ओल लागली की तो रंग शेजारच्या फिक्या भागावर जातो. गडद काठ आणि मोतिया अंग असेल तर लगेच दिसतं. तशी पैठणी आम्ही ड्रायक्लीन करायलाच सांगतो, त्यामुळे फिकी छटा म्हणजे मोठा दोष असंही नाही. पण पाणी कुठेही लागलं असो, रंग पक्का असता तर डाग एवढा वाईट दिसला नसता.

"आता कळलं, 'कुरिअरची चूक' का नाही लिहायची ते?" भाऊजी म्हणाले. "उद्या ताईंनी साडी तपासून घेतली आणि रंग कच्चा निघाला, तर आपलं पत्र खोटं ठरेल. 'आमची चूक' लिहिलं, तर कुरिअर कंपनी तेच पत्र पुढे करून म्हणेल, विक्रेत्यानेच मान्य केलंय, भरपाई कसली मागता?"

यावर आईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. "मग रंगाचं तिला सांगायचंच नाही? ते माझ्याच्याने होणार नाही."

"सांगायचं. साडी हातात आल्यावर, तपासून. आज आपल्याला माहीत नाही ते आज लिहायचं नाही. पण तपासून कळवू, असं वचन पत्रात द्यायचं."

मी तेच वाक्य घेतलं. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. कारण कोणतं यावर आज दोन्ही बाजू काही बोलत नाहीत, पण कारण दडवायचा विचारही नाही, हे ताईंना त्यातून कळतं. माफीचंही तसंच झालं. ऐन सणाच्या तोंडावर त्यांना त्रास झाला याचं वाईट वाटणं खरं होतं, म्हणून ते लिहिलं. चूक कोणाची हे माहीत नव्हतं, म्हणून ते लिहिलं नाही.

भाऊजींना पत्राच्या माथ्यावर 'हक्क अबाधित राखून' हे शब्द हवे होते. दिवाणी वादात तडजोडीसाठी केलेलं बोलणं पुढे कबुली म्हणून वापरायचं नाही अशी स्पष्ट अट घातली असेल, तर कायदा ती मानतो. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. आई म्हणाल्या, "अशा पत्राने बाई घाबरेल. तिला वाटेल नोटीसच आली." मी मधला रस्ता काढला. तीच अट साध्या मराठीत, दोन्ही बाजूंना लागू होईल अशी, पत्राच्या आत घातली. भाऊजींनी वाक्य दोनदा वाचलं आणि चालेल म्हणाले.

मग 'अनबॉक्सिंग व्हिडिओ'चा विषय निघाला. शेजारच्या दुकानदाराने आईंना सांगितलं होतं की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर सरळ नाही म्हणायचं. भाऊजींनी बिल मागवलं. बिलावर तशी अट नव्हती आणि विक्रीच्या वेळी आम्ही ती सांगितलीही नव्हती.

"मग आता ती काढता येणार नाही," ते म्हणाले. "आणि छापलेली असती तरी एकट्या तिच्या भरवशावर मी आयोगापुढे उभा राहिलो नसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. ताईंनी तिसऱ्या दिवशी कळवलंय. शिवाय तक्रार त्या इंदूरलाच करू शकतात, आपल्याला तिकडे उत्तर द्यावं लागेल."

"मी कुठे नाही म्हणतेय?" आई म्हणाल्या. "तूच मला कायदा शिकवतोस आणि तूच अटी घालतोस."

खरा वाद पुढे होता: आधी साडी परत येणार की आधी नवी जाणार?

भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. जुनी आली, तपासली, मग नवी गेली. नाहीतर 16,800 ची साडी तिकडे, दुसरी 16,800 ची वाटेत आणि हाती काही नाही. परत आलेल्या खोक्यात दुसरीच साडी निघाल्याची प्रकरणं त्यांनी पाहिली होती. आई हिशेब वेगळा मांडत होत्या. इंदूरहून येवल्याला तीन-चार दिवस, तपासणीला एक, परत जायला तीन-चार. म्हणजे साडी 12 तारखेच्या आदल्या दिवशी पोहोचली तर पोहोचली. "मंगळागौर झाल्यावर पोहोचलेली साडी ही भरपाई नाही," त्या म्हणाल्या, आणि याचं उत्तर भाऊजींकडे नव्हतं.

तोडगा साडीतूनच निघाला. हातमागाची पैठणी दुसऱ्या पैठणीसारखी हुबेहूब नसते. पदरातली नक्षी विणकर छोट्या छोट्या कांड्यांनी, एकेक रंग हाताने गुंतवत विणतो, त्यामुळे मोराच्या मानेची वळणं, रंग जिथे एकमेकांत अडकतात त्या जागा, सगळं प्रत्येक साडीत थोडं वेगळं येतं. साडी पाठवण्याआधी आम्ही पदराचे पुढून आणि मागून फोटो काढतो आणि सिल्क मार्कच्या लेबलावरचा क्रमांक बिलावर लिहितो. म्हणून साडी ओळखण्यासाठी ती येवल्यात येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. ताईंनी व्हिडिओ कॉलवर पदर आणि लेबल दाखवायचं आणि आमच्यासमोर ती खोक्यात भरायची. कुरिअरच्या माणसाने पार्सल उचलून पावती दिली की त्याच दिवशी इकडून नवी साडी निघेल. जोखीम संपूर्ण गेली नाही, पण दोघांनाही मान्य होईल इतकी कमी झाली.

बदली साडीचंही ठरवावं लागलं. त्याच घाणीतली साडी पाठवायची नाही, यावर आई ठाम होत्या. तोच राणी रंग पण आधीच्या घाणीतला एक नग होता. दुसरा मोतिया अंगाचा, मोरपंखी काठाचा होता. पत्रात दोन्हीची नावं लिहिली, फोटो जोडले, आणि तिसरा पर्याय म्हणून पैसे परत. 'तशीच साडी देऊ' असं लिहिणं चुकीचं झालं असतं. ताईंनी नवी साडी उघडून जुन्या फोटोशी ताडून पाहिली असती आणि पदरातला एक मोर वेगळा दिसला म्हणून पुन्हा वाद सुरू झाला असता.

शेवटी भाऊजींनी एक कलम सुचवलं की फेसबुकवर काही लिहू नये. आईंनी ते ऐकताच नकार दिला आणि मीही त्यांच्याच बाजूने होते. साडी बदलून देणं आपलं काम आहे, बाईच्या तोंडावर बोट ठेवायची ती किंमत होऊ नये. कलम गेलं. त्याबदल्यात 'या तक्रारीचा निकाल लागला' असं सांगणारं वाक्य राहिलं, पण नवी साडी पाहून ताईंनी होकार कळवल्यावरच लागू होईल असं.

हे ते पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवलं आणि ईमेलवर पीडीएफ करूनही.

दिनांक 2 ऑगस्ट
विषय: 26 जुलैच्या बिलातील मोतिया-राणी पैठणीबाबत

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला 1 ऑगस्टचा निरोप आणि साडीचे व खोक्याचे फोटो मिळाले. लेकीच्या पहिल्या मंगळागौरीच्या तोंडावर आपल्याला हा त्रास झाला, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

फोटोंत पदराजवळ पाण्याचे डाग, त्या भागात काठाचा राणी रंग अंगावर उतरलेला, खोक्याचा तळ भिजलेला आणि आतली पिशवी फाटलेली दिसते. साडी वापरलेली नाही, हेही दिसतं. पाणी कुठे लागलं आणि रंग का सुटला, हे साडी हातात आल्यावर तपासू आणि जे आढळेल ते आपल्याला लेखी कळवू.

तोपर्यंत आपलं अडू नये म्हणून आम्ही साडी बदलून देत आहोत. खालीलपैकी जे हवं ते 3 ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत कळवावं:
मोतिया अंग, राणी काठ, आधीच्या रंगाईतली साडी (फोटो 1);
मोतिया अंग, मोरपंखी काठ (फोटो 2);
किंवा 16,800 रुपये परत, साडी आमच्याकडे पोहोचल्यापासून तीन दिवसांत, आपण ज्या खात्यातून पैसे पाठवले त्याच खात्यात.
दोन्ही साड्यांसाठी किमतीतला फरक द्यावा लागणार नाही. हातमागाचं काम असल्याने पदराची नक्षी पहिल्या साडीसारखी तंतोतंत नसेल, म्हणून फोटो नीट पाहून निवडावं.

जुनी साडी नेण्यासाठी 4 ऑगस्टला आमच्या खर्चाने कुरिअर येईल. त्याआधी व्हिडिओ कॉलवर पदर आणि सिल्क मार्कचं लेबल दाखवून साडी त्याच खोक्यात, नव्या कोरड्या पिशवीत भरावी. तोवर ती धुऊ नये, इस्त्री करू नये, तिला फॉल लावू नये. पार्सल उचलल्याची पावती मिळताच त्याच दिवशी नवी साडी निघेल. परत आलेली साडी व्हिडिओत दाखवलेली नसेल किंवा तिच्यात नवा बिघाड झाला असेल, तर फोटोंसह आपल्याशी बोलून पुढचं ठरवू.

साडी बदलून देणं किंवा घेणं याचा अर्थ नुकसानीच्या कारणाबद्दल आपण किंवा आम्ही काही मान्य केलं, असा नाही, आणि तसा अर्थ कोणत्याही वादात लावू नये, या अटीवर हे पत्र लिहीत आहोत. नवी साडी पाहून ती पसंत असल्याचं आपण कळवलं की ही तक्रार मिटली असं दोघांनीही धरावं. ती पसंत नसेल तर मिळाल्यापासून सात दिवसांत कळवावं.

आपली नम्र,

पत्र संपल्यावर भाऊजींनी एकच शब्द बदलला. मी 'तपासून योग्य वाटल्यास बदलून देऊ' असं आधी लिहिलं होतं. "योग्य कोणाला वाटल्यास?" त्यांनी विचारलं. असा शब्द विक्रेत्याला मोकळीक देतो असं वाटतं, पण आयोगापुढे तोच अडचणीचा ठरतो, कारण त्यातून टाळाटाळ दिसते. तारखा आणि रकमा लिहिल्या की दोघांनाही बांधून घेतल्यासारखं होतं, आणि विक्रेत्याकडे दाखवायला काहीतरी राहतं: आम्ही अमुक दिवशी अमुक देऊ केलं होतं.

कुरिअर कंपनीला वेगळं पत्र त्याच संध्याकाळी गेलं. त्यात पावती क्रमांक, पाठवताना जाहीर केलेली किंमत, आणि खोक्याचे फोटो होते. तक्रारीची मुदत पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती लहान असते, म्हणून ताईंच्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्या पत्रातही रंगाबद्दल काही लिहिलं नाही. पार्सल भिजलं आणि पिशवी फाटली, एवढंच.

"ही सगळी फाइल दोन वर्षं ठेव," भाऊजींनी मला सांगितलं. "तक्रार करायची मुदत तेवढी असते. पाठवण्याआधीचे फोटो, बिल, निरोप, व्हिडिओ, परत आल्यावरची तपासणी, सगळं."

ताईंनी दुसऱ्या दिवशी मोरपंखी काठ निवडला. त्या साडीचा काठ निघण्याआधी ओल्या सुती कापडाने तपासला, आणि ते कापडही फोटो काढून फाइलला लावलं. आईंनी उरलेल्या तीन राणी साड्या विक्रीतून काढल्या आणि गुलाबी झालेला तो तुकडा घेऊन रंगाऱ्याकडे गेल्या.